एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतल्याचं तक्रारपत्र

प्रश्न: दुकानदाराने 'कूलिंग'चे म्हणून एमआरपीच्या वर पैसे घेतले. पत्र कसं लिहू?

उत्तर: रागाचे शब्द नकोत, आकडे लिहा. मी असं लिहिलं होतं:

"महोदय, काल सायंकाळी आपल्या दुकानातून 20 रुपये छापील किमतीच्या पाण्याच्या 4 आणि 40 रुपयांच्या सरबताच्या 2 बाटल्या घेतल्या. छापील किमतीने 80 + 80 = 160 रुपये होतात. आपण बाटलीमागे 5 रुपये जादा लावून 190 घेतले. छापील किंमत सर्व करांसह असते. तीहून जास्त घेणं वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 मधील नियम 18(2) च्या विरुद्ध आहे. जादा 30 रुपये सात दिवसांत परत करावेत. अन्यथा वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करीन. सोबत बिलाची प्रत व लेबलचे फोटो."

फोटोत किंमत आणि बॅच क्रमांक दोन्ही दिसू द्या. एकाच मालावर जुनी-नवी किंमत असू शकते. बिल नसेल तर यूपीआयची नोंद जोडा, पण त्यात फक्त एकूण रक्कम दिसते, म्हणून बिल मागाच. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. दाद मिळाली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

हॉटेलात टेबलावर आणून दिलेल्या बाटलीला मात्र हे पत्र चालणार नाही. तिथे सेवाही असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलंय.