केळवणाला जाताना

चि. सौ. कां. हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काकू, दोन रविवारांत चार केळवणं आहेत. सकाळी गिरगाव, संध्याकाळी डोंबिवली. जेवायचं मला जमेल, पण कोणाच्या पाया कधी पडायचं आणि ते काही बोलले की आपण काय म्हणायचं?" तुझं सगळं लहानपण लष्करी वसाहतींत गेलं. तिथे 'गुड मॉर्निंग अंकल'वर भागत होतं, त्यामुळे हा प्रश्न मला मुळीच हास्यास्पद वाटला नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गिरगावचंच घर धर. चाळीचे तीन जिने चढून दमून पोचशील. चपला बाहेर काढ, पण दारात कोणी भेटलं म्हणून तिथेच वाकू नकोस. उंबऱ्यावर नमस्कार करत नाहीत. आत जा, पाणी पी, घरातलं सर्वांत मोठं माणूस कोण ते बघ. बहुधा कॉटवर मांडी घालून बसलेली एखादी आजी असेल. सरळ जाऊन वाकण्याआधी तोंडाने सांग, "आजी, नमस्कार करते हं." हे सांगणं फार उपयोगाचं आहे. तिच्या हातात चहाचा कप असतो, पाय मांडीखाली अडकलेले असतात. कप खाली ठेवून पाय मोकळे करायला तिला वेळ लागतो. ती आडवी झाली असेल तर उठून बसेपर्यंत थांब. निजलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत, कारण तसा नमस्कार अंत्यदर्शनाला करतात. जुन्या माणसांना ते फार लागतं. जेवत्या माणसालाही नको. त्यांचा हात उष्टा असतो, तो तुझ्या डोक्यावर कसा ठेवणार?

दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून, बोटं पावलांपर्यंत. आजकाल गुडघ्याला हात लावून परत वर येतात, तो नमस्कार आपल्याकडच्या आज्यांच्या नजरेतून सुटत नाही. पाठ दुखत असेल तर गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलंस तरी चालेल. मधुमेहाने कुणाच्या पायाला जखम असली किंवा पाय सुजलेले असले, तर पावलांपुढच्या फरशीला हात लाव. नमस्कार पोचतो.

तू वाकलीस की आजी म्हणेल, "असू दे गं, राहू दे." पहिल्या 'राहू दे'ला थांबायचं नाही, ते म्हणायचंच असतं. मात्र तिने खरोखर पाय मागे घेतले आणि तुझे दोन्ही हात धरले, तर थांब. काहींना पाया पडलेलं खरंच आवडत नाही. मग हात जोडून नमस्कार कर, पुरे आहे.

आता सर्वांची होते ती चूक. वाकलो, बोटं टेकली, की लगेच उभं राहायचं. आशीर्वाद त्यानंतर सुरू होतो. आजीचा हात डोक्यावर यायला आणि तिचं वाक्य पुरं व्हायला दोन-तीन श्वास लागतात. तेवढा वेळ खालीच राहा, नाहीतर तुझं डोकं तिच्या हनुवटीवर आपटेल. माझ्या जावेच्या बाबतीत हे झालेलं आहे. आशीर्वादाला उत्तर द्यायचं नसतं. 'थँक्यू' तर मुळीच नको. उभी राहून हसलीस की झालं.

काय ऐकायला मिळेल? 'औक्षवंत हो' सर्वांत जास्त. औक्ष म्हणजे आयुष्य. जिभेवर संस्कृत असलेले काका 'आयुष्यमान भव' म्हणतील. खरं तर ते 'आयुष्मान' आहे आणि मुलीला 'आयुष्मती' म्हणायला हवं, पण तू काही सुधारायला जाऊ नकोस. परीक्षेला निघालेल्या पोराला 'यशस्वी भव' किंवा 'विद्यावंत हो' म्हणतात. 'मोठी हो, शहाणी हो' हे सगळ्याच वयांना चालतं, माझ्या सासूबाई मला पन्नाशीतही म्हणायच्या. 'अखंड सौभाग्यवती भव' हा विवाहित बाईला दिलेला आशीर्वाद. तू अजून 'सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी आहेस, 'सौ.' व्हायला महिना आहे. पण केळवणात बायका तो आताच देऊन टाकतील. जुनी मंडळी 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असंही म्हणतील. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आठ पुत्र कुठे ठेवणार, असा विनोद तुझ्या ओठांवर येईल. तो लोकलमध्ये बसल्यावर कर. लग्नानंतर दोघं जोडीने वाकाल तेव्हा बहुतेक जण संस्कृत सोडून सरळ 'सुखी राहा' किंवा 'नांदा सौख्यभरे' म्हणतात. 'भव' हे एकट्याला म्हणायचं रूप आहे, दोघांना ते लावता येत नाही.

खोलीत चौदा माणसं असतील तर चौदांच्या पाया पडायची गरज नाही. आधीच्या पिढीतल्या सगळ्यांना वाकून, चार-पाच वर्षांनी मोठ्या भावंडांना नुसते हात जोडून. दुसरा नमस्कार औक्षणानंतर, ओवाळणारी मोठी असेल तर तिला. तिसरा निघताना. पाकीट किंवा साडी हातात दिली असेल तर ती आधी बाजूला ठेव आणि मग वाक, एका हातात पुडकं धरून एका हाताने नमस्कार करत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुला कोणी सांगणार नाही. माझ्या केळवणात माझी विधवा आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मी रांगेने नमस्कार करत तिच्यापर्यंत आले, तोच एका नातेवाईक बाईंनी माझा दंड धरून मला पुढे नेलं, "चल गं, उशीर होतोय." मला कळलं नाही, किंवा कळून मी गप्प बसले. नंतर पाणी प्यायला आत गेले तर आत्या भांडी विसळत होती. म्हणाली, "माझा आशीर्वाद चालत नाही का गं?" मी ओल्या फरशीवर तिथेच वाकले. ती 'सौभाग्यवती' म्हणाली नाही. "सुखात राहा, बाळ" एवढंच म्हणाली. अशी बाई तुला कुठल्याही घरात दिसली, बहुधा ती स्वयंपाकघराच्याच बाजूला असते, तर तूच उठून तिच्याकडे जा. कोणी दंड धरला तर सोडव.

डोंबिवलीचे मामा माळकरी आहेत असं म्हणालीस. तिथे एक धक्का बसेल. तू वाकलीस की तेही तुझ्या पायांकडे वाकतील. वारकऱ्यांत लहान-मोठं न बघता एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्यातला विठ्ठल बघून. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर हे सारखं दिसतं. 'अहो, नको नको' करून त्यांचे हात ओढू नकोस. 'राम कृष्ण हरी' म्हण आणि मोकळी हो.

आणि मधल्या काळात कोणाकडे सुतक लागलं, भेटायला जावं लागलं, तर तिथे नमस्कार करायचा नाही आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही. नुसतं उठायचं.

चौथं केळवण आमच्याकडे. पुरणपोळी करणार आहे. दुपारी साडेबाराला पोच, आणि मी तव्याशी असेन तर वाकू नकोस, गॅस बंद करेपर्यंत थांब.

तुझी,
काकू