पाच पानं वाचा, पण मांडणी तुमची करा

लेखाचा आराखडा करण्याआधी गुगलवर शोधून वर आलेली किती पानं वाचायची?

पाच. त्यापुढे तेच ते येतं.

उपमथळ्यांचे शब्द बदलले की झालं ना?

नाही.

पण सगळ्यांचा क्रम सारखाच असतो. वेगळं लिहायचं तरी काय?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून सविस्तर सांगतो. गेल्या हंगामात यवतमाळकडच्या एका मुलानं कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या लेखाचा आराखडा पाठवला. ओळख, जीवनक्रम, लक्षणं, नुकसान, उपाय. वरची पाचही पानं हेच सांगत होती. त्याला म्हटलं, उपमथळे उतरवू नको. वहीत दोनच रकाने पाड: या पानानं वाचकाचा कुठला प्रश्न सोडवला आणि कुठला अर्धवट टाकला.

दुसरा रकाना भरला तेव्हा खरी गंमत कळली. ‘कामगंध सापळे लावा’ हे पाचही जण सांगत होते. तिघांनी ‘आठ पतंग दिसताच फवारा’ असंही लिहिलं होतं. मूळ शिफारस आहे एका सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. एकानं शेपूट तोडलं, बाकीच्यांनी तसंच उचललं! पाच ठिकाणी छापून आलं म्हणून ते खरं ठरत नाही. आकडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतूनच घ्या आणि छापण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

मग पानं बंद केली आणि पऱ्हाटीच्या धुऱ्यावर डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेलं फूल, हातात घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणला. त्याला जीवनक्रम नको असतो, ‘आज फवारू का?’ एवढंच हवं असतं. म्हणून सुरुवात डोमकळीपासून झाली. मग सापळ्यातले पतंग कसे मोजायचे, मग फवारणीचा निर्णय, शेवटी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून, का घेऊ नये. जीवनक्रम दोन वाक्यांत उरला, तोही फवारणीच्या भागात, कारण अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, हे तिथंच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आराखडा एकेका पानाशेजारी ठेवा. एकाच पानाशी सलग तीन-चार मुद्दे जुळले तर पुन्हा बसा. ओळख आधी आणि उपाय नंतर, एवढं जुळणारच. त्याची धास्ती नको.

एक जण दोनशे रुपयांत ‘पहिल्या नंबरचा’ तयार आराखडा देतो. घ्यावा का?

घेऊ नका. तोच आराखडा त्यानं आणखी किती जणांना विकला ते विचारून बघा. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही.

मांडणी उचलली तर कायद्यात अडकतो का?

कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. मांडणी हुबेहूब असेल तर वाद होऊ शकतो. नोटीस आली असेल तर मला विचारत बसू नका, आजच वकील गाठा.