चालू टीव्ही, डावीकडचे पांढरे ठिपके आणि सेलमधला 55 इंची

प्रश्न: सर, आमचा 40 इंची फुल एचडी एलईडी टीव्ही 2015 चा आहे, चालू आहे पण स्मार्ट नाही. काही महिन्यांपासून डावीकडे खाली पांढरे गोल ठिपके दिसतायत आणि ती बाजू जरा काळपट झालीये. मेकॅनिक पट्ट्या बदलायचे 2,800 सांगतोय. शोरूमवाला म्हणतो इतक्या जुन्या टीव्हीवर पैसे घालू नका, पॅनेलच जाईल, त्यापेक्षा 55 इंची फोरके 39,000 ला घ्या, नऊ महिने नो कॉस्ट ईएमआय. सासूबाई दिवसभर सिरियल बघतात, मुलाला ओटीटी हवंय. सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. काय करावं? (नाशिक)

ताई, आधी निकाल सांगतो मग हिशोब. पट्ट्या बदलून घ्या, मुलाच्या ओटीटीसाठी टीव्हीच्या मागे लावायची एक स्टिक घ्या आणि मोठा टीव्ही हवाच असेल तर तो वर्षभराने रोखीत घ्या.

शोरूमवाल्याचं "पॅनेल जाईल" हे वाक्य ऐकलं की माणूस घाबरतो, कारण पॅनेल म्हणजे टीव्हीचा सगळ्यात महाग भाग, ते बदलायचं तर बिल नव्या टीव्हीच्या आसपास जातं. पण तुम्ही जे ठिपके सांगताय ते पॅनेलचे नाहीतच. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात पुढची काच स्वतः उजेड देत नाही, तिच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवायला एक छोटी प्लॅस्टिकची भिंग चिकटवलेली असते. वर्षानुवर्षं गरम होऊन तो गोंद सुटतो, भिंग खाली पडते आणि तिथला उजेड न पसरता सरळ समोर येतो, म्हणून पडद्यावर पांढरा गोल ठिपका दिसतो. काळपट भाग म्हणजे त्याच पट्टीवरचे एक-दोन एलईडी मंद झालेत किंवा गेलेत. हा सगळा मागचा मामला आहे, पुढची काच ठणठणीत आहे.

पॅनेल जातंय हे वेगळं दिसतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ येते, मग दोन होतात, मग अर्ध्या पडद्याचा रंगच बदलतो किंवा शाई सांडल्यासारखा डाग पसरतो. असं काही असतं तर मी एक रुपयाही घालू नका म्हटलं असतं. आणि समजा उद्या पडदा पूर्ण काळा झाला पण आवाज येतोय, तर घाबरू नका, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला तिरका धरून बघा, आत चित्र हलताना पुसट दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय.

आता आयुष्याचं. टीव्हीचं वय वर्षांत मोजतात तिथेच घोळ होतो, ते तासांत मोजायला हवं. सासूबाई दिवसभर बघतात म्हणजे आपण आठ तास धरू, वर्षाचे झाले 2,920 तास, दहा वर्षांचे 29,200. बॅकलाइटचं आयुष्य साधारण तीस हजार तास आणि पुढे असं धरतात, म्हणजे तुमच्या पट्ट्यांनी आपली नोकरी इमानदारीत पूर्ण केली, त्या काही अवेळी गेल्या नाहीत. पण हाच हिशोब नव्या टीव्हीलाही लागू आहे बरं का, ज्या घरात रोज दोन तास टीव्ही चालतो तिथे तो बारा वर्षं टिकेल, तुमच्याकडे मी आठच धरतो, त्यात 23,000 च्या वर तास होतातच.

39,000 भागिले आठ म्हणजे वर्षाला साधारण 4,900 रुपये, महिन्याला 400 च्या थोडं वर. नवा टीव्ही तुम्हाला इतक्याला पडणार. दुरुस्ती 2,800 ची, म्हणजे जुना टीव्ही नवीन पट्ट्यांवर सात महिने चालला की ते पैसे वसूल, त्यापुढचा प्रत्येक महिना नफ्यात. स्टिकचे 4,000 धरून 6,800 केले तरी दीड वर्षाच्या आत वसूल, आणि खरं तर स्टिक सगळी या टीव्हीच्या नावावर टाकणं बरोबर नाही, ती पुढच्या टीव्हीलाही लागणार आहे, का ते सांगतो.

स्मार्ट टीव्हीत दोन वस्तू एका डब्यात विकल्या जातात, एक पडदा आणि एक छोटा कॉम्प्युटर. पडदा आठ-दहा वर्षं जातो, कॉम्प्युटर तीन-चार वर्षांत रडायला लागतो, कारण या बजेटच्या टीव्हीत बऱ्याचदा रॅम दीड-दोन जीबी आणि जागा आठ-सोळा जीबी असते, अॅप मात्र दरवर्षी जड होत जातात. शिवाय अॅपवाले जुन्या मॉडेलचा सपोर्टही काढून घेतात, 2010-11 च्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर डिसेंबर 2019 पासून नेटफ्लिक्स बंद झालं, टीव्ही मात्र चांगले चालत होते. म्हणून ओटीटीसाठी टीव्ही बदलणं मला पटत नाही. तुमच्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं एखादं पोर्ट रिकामं आहे का तेवढं बघा, 2015 च्या टीव्हीला बहुतेक दोन असतात, एक सेट टॉप बॉक्सने खाल्लेलं असेल, दुसऱ्यात स्टिक.

फोरकेबद्दल स्पष्टच बोलतो. डोळ्याला किती बारीक दिसतं याला मर्यादा आहे, त्या हिशोबाने 55 इंची फुल एचडी पडद्याचे बारीक ठिपके सात-सव्वासात फुटांच्या पुढे वेगळे दिसतच नाहीत, तुमच्या 40 इंचीचे तर सव्वापाच फुटांनंतरच दिसायचे बंद होतात. तुम्ही बसता नऊ फुटांवर. म्हणजे फोरकेमुळे जो जास्तीचा बारीकपणा मिळतो तो तुमच्या सोफ्यापर्यंत पोचत नाही, शोरूममध्ये आपण दोन-तीन फुटांवर उभे असतो आणि तिथे मुद्दाम फोरकेचे डेमो व्हिडिओ लावलेले असतात म्हणून डोळे दिपतात. उलट सासूबाईंचा बॉक्स साधा असेल, एचडी नसेल, तर तेच चॅनेल 55 इंचावर ताणून आणखी फाटलेलं दिसेल आणि पहिल्याच संध्याकाळी घरात ऐकायला मिळेल की जुनाच बरा होता.

मोठ्या आकाराचं मात्र मी खोटं म्हणणार नाही. 40 वरून 55 ला गेलात की पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं, नऊ फुटांवरून हा फरक रोज जाणवेल, खालची अक्षरं वाचायला चष्मा शोधावा लागणार नाही. हे घ्यायचं खरं कारण आहे. पण ती हौस आहे, गरज नाही, आणि हौसेला आपण वेगळा डबा करतो.

वीज वाचेल असं कोणी सांगितलं असेल तर दोन्ही टीव्हींच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट बघा. जुना प्लाझ्मा किंवा ट्यूबवाला एलसीडी असता तर वाचली असती. तुमचा 40 इंची एलईडी साधारण 70-80 वॅटचा असणार आणि 55 इंची 120 ते 150 चा. फरक 60 वॅट धरला तर आठ तासांनी रोज अर्धा युनिट जास्त, वर्षाला 175 युनिट, दहा रुपये दराने 1,750 रुपये. म्हणजे बिल वाढणार. वर काढलेल्या वर्षाच्या 4,900 मध्ये हे धरलेलं नाही.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देऊन ते भरून काढतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. 39,000 वर नऊ महिन्यांना सहाशे-सातशे होतात, फार नाही, पण रोखीत घेणाऱ्याला घासाघीस करता येते ती संधी जाते हा मोठा तोटा. आणि "ऑफर संपेल" ची घाई करू नका. 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, पूर्ण फरक गिऱ्हाइकाला दिला तर किंमत पावणेआठ टक्क्यांनी उतरते, आणि ती कपात सेलपुरती नाहीये. महिना 3,000 चं वर्षभराचं आरडी लावा, 36,000 अधिक व्याज होईल, त्यात थोडी भर घातली की मोठा टीव्ही हप्त्याशिवाय येतो. मधल्या काळात जुना बिघडला नाही तर आरडी आणखी चालू ठेवायची मोकळीक आहेच.

दुरुस्तीत मात्र सावध राहा, खरी जोखीम तिथेच आहे. पट्ट्या बदलायच्या तर पुढची काच उचलून बाजूला ठेवावी लागते, ती कागदासारखी पातळ, आणि तिच्या कडेला नाजूक रिबन चिकटलेल्या असतात, हात चुकला की टीव्ही संपला. म्हणून काम द्यायच्या आधी विचारा की पॅनेल फुटलं किंवा रेघा आल्या तर जबाबदारी कोणाची, आणि हे बिलावर लिहून घ्या. दुकानात द्यायच्या आधी टीव्ही चालू करून पूर्ण पडद्याचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे रेघ आधीच होती हे ऐकावं लागणार नाही. एकच पट्टी बदलतो, 900 मध्ये करतो म्हणाला तर नको म्हणा, बाकीच्या पट्ट्यांचंही वय तेवढंच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा काच उचलावी लागेल. पूर्ण सेट घाला. चांगले मेकॅनिक त्याच वेळी बॅकलाइटचा करंटही थोडा कमी करून देतात, उजेड किंचित उतरतो पण पट्ट्या जास्त टिकतात, तसं करतो का विचारा. टीव्ही घरी आल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर साठवर आणा, रात्री बघायला तेवढा पुरतो.

आणि पुढच्यासाठी एक कमाल मर्यादा ठेवा. नवा टीव्ही वर्षाला 4,900 ला पडतो ना, मग या टीव्हीवर एका वेळेस 5,000 च्या वर कधीच घालायचे नाहीत, सप्लाय बोर्ड असो की मदरबोर्ड. या पट्ट्या वर्षाच्या आत परत गेल्या आणि मेकॅनिकने वॉरंटीत करून दिल्या नाहीत, किंवा पडद्यावर एक जरी उभी रेघ कायमची बसली, तर त्या दिवशी आरडी मोडा आणि शोरूम गाठा, जाताना घरचा सेट टॉप बॉक्स पिशवीत घालून न्या आणि सासूबाईंचं चॅनेल त्या 55 इंचीवर लावायला सांगा.