‘हॅश जुळला’ म्हणजे ‘शब्द सापडला’ का?

“रोलिंग हॅशवरच्या टिपणात मी ‘हॅश जुळला, म्हणजे शब्द सापडला’ असं लिहिलं. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. दोन्हीचा अर्थ एकच की ओ?” – एक विद्यार्थिनी, निपाणी

सरांची रेघ बरोबर आहे. हॅश म्हणजे मजकुराच्या तुकड्यावरून काढलेली संख्या, आणि दोन वेगळ्या तुकड्यांची ती एकच येऊ शकते. हॅश ‘जुळतो’, शब्द ‘सापडला’ असं मात्र मजकूर अक्षर-अक्षर ताडून पाहिल्यावरच लिहावं. तुमच्या वाक्यातून ही पडताळणीच गळली आहे.

बेळगावचा पिनकोड घ्या, ५९०००१. त्यात ००१ शोधायचं आहे. तीन-तीन अंकांचे तुकडे पडतात चार: ५९०, ९००, ०००, ००१. प्रत्येकाला ३१ नं भागून उरणारी बाकी हा त्याचा हॅश धरू. ००१ चा हॅश १. पण ३१ × १९ = ५८९, म्हणून ५९० ची बाकीही १; आणि ३१ × २९ = ८९९, म्हणून ९०० चीही १. फक्त ००० ची बाकी शून्य येते, तो न ताडताच बाद. म्हणजे हॅश तीनदा जुळला आणि शब्द एकदाच सापडला. आधीच्या दोघांना ‘संभाव्य जुळणी’ म्हणा. ताडायला घेतल्या की त्या पहिल्याच अंकाला फसतात.

‘रोलिंग’ यासाठी की पुढच्या तुकड्याचा हॅश नव्यानं काढत नाहीत. सुटणाऱ्या अंकाचा वाटा वजा करायचा, दहानं गुणायचं, येणारा अंक मिळवायचा. सुटणारा अंक शतकस्थानी असतो आणि १०० ला ३१ नं भागून ७ उरतात, म्हणून खालच्या ओळी. त्यात `t` हा मजकूर, `p` शोधायचा शब्द, `hp` त्याचा हॅश, `h` तुकड्याचा हॅश, `i` तुकड्याची सुरुवात, `out` सुटणारा अंक आणि `new` येणारा:

```python
h = ((h - out*7)*10 + new) % 31
if h == hp and t[i:i+3] == p:
    print(i)
```

५९० वरून ९०० वर जाताना (१ − ३५) × १० + ० = −३४०, आणि त्याची बाकी १. इथं एक खाचखळगा आहे. पायथन १ देतं, पण सी आणि जावा −३० देतात. तिथं ३१ मिळवायलाच हवेत. ते राहिलं तर खरी जुळणीही निसटू शकते, आणि ती पडताळणीत कधीच कळणार नाही, कारण पडताळणीपर्यंत ती पोचतच नाही. ‘हॅश वेगळा, तर मजकूर नक्की वेगळा’ हे विधान गणित चोख असेल तरच खरं.

३१ मी फक्त कागदावर मांडता यावं म्हणून घेतला. प्रत्यक्षात १००००००००७ सारखी मोठी मूळ संख्या घेतात, म्हणजे खोट्या जुळण्या क्वचितच होतात. तरी होऊ शकतात, म्हणून `and` नंतरचा भाग काढू नका. तो काढला तर उत्तर बहुतेक वेळा बरोबर येईल, पण खात्री देता येणार नाही. ठेवला तर उत्तर चुकत नाही. खोट्या जुळण्या वाढल्या तर वेळ तेवढा जास्त लागतो. कुणी मुद्दाम तसा मजकूर रचू नये म्हणून गुणक (इथं १०) दर वेळी यादृच्छिक निवडतात.