रात्री दीडला रिसेप्शनवर 'तुमचं बुकिंगच नाही'

प्रश्न: ॲपवरून पैसे भरलेत, कन्फर्मेशनचा मेलही आहे. रात्री दीडला हॉटेलवर पोचलो तर म्हणतात, तुमच्या नावाचं काहीच नाही. काय करायचं?

सगळ्यात आधी मेलवरची चेक-इनची तारीख बघा. १४ची रात्र उलटून दीडला पोचलात तर मोबाइलवर १५ दिसते, पण हॉटेलच्या लेखी ती अजून १४चीच रात्र. बुकिंग १५चं असेल तर तुमची खोली आज दुपारपासून आहे. चूक आपली, उरलेल्या रात्रीचे काय घेणार ते नरमाईने विचारायचं.

तारीख बरोबर असली तरी घोळ होतो. रात्री कधीतरी हॉटेलात दिवसाचा हिशोब बंद करून सिस्टिमची तारीख पुढे नेतात. त्याला नाइट ऑडिट म्हणतात. तोवर न आलेली मंडळी 'नो शो'मध्ये जातात आणि आजच्या यादीत तुमचं नाव राहत नाही. कोल्हापुरात माझं हेच झालं. गाडी रखडली, पोचायला दोन वाजले. काउंटरवरचा मुलगा अर्धवट झोपेत यादी वरखाली करून 'नाही सर' म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, कालचे नो शो उघड, आणि आडनावाऐवजी नावाने शोध." सापडलं. ॲपने आडनावाच्या रकान्यात माझं नाव घातलं होतं. ॲपचा बुकिंग नंबर सांगून बऱ्याचदा उपयोग होत नाही, कारण हॉटेलचा स्वतःचा नंबर वेगळा असू शकतो. आणि हो, त्याच नावाची दुसरी शाखा गावात नाही ना, तेवढं मेलवरच्या पत्त्यावरून बघा.

तरीही सापडलं नाही, तर काउंटरवरूनच ॲपच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि स्पीकरवर दोघांना बोलू द्या. खोली रिकामी असेल तर बुकिंग तिथल्या तिथे पुन्हा पाठवता येतं. हॉटेल भरलेलं असेल तर जवळच तेवढ्याच दर्जाची खोली मागा. भाड्यातला फरक आणि रिक्षाचे पैसे कोण देणार हेही तेव्हाच ठरवा.

इथे एक सापळा आहे. "सर, तुम्हीच ॲपवरून कॅन्सल करा, पैसे परत येतील," असं हमखास सांगतात. अजिबात करू नका. तुम्ही बटण दाबलंत की ते तुमच्याकडून रद्द झालेलं धरतात आणि परतावा अडकतो. त्याऐवजी ॲपच्या चॅटमध्ये तिथे उभं राहूनच लिहा: 'रात्री १:४०, हॉटेलवर हजर आहे, खोली नाकारली.' वेळेची नोंद आपोआप होते.

सोबत म्हातारी माणसं, पोरं असली तर वाद घालत बसू नका. दुसरी खोली घ्या, पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या, पक्कं बिल घ्या. ॲपवाले दाद देईनात तर ते बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा.