दोन फ्रिक्वेन्सीचे सोर्स चुकतात म्हणून कोअर सोडू का?

"सर, मी डिप्लोमा करून इलेक्ट्रिकलला डायरेक्ट सेकंड इयरला आलोय. नेटवर्क्समध्ये दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सोर्स आले की उत्तर हमखास चुकतं. फेजर नीट काढतो, बेरीजही बरोबर करतो, तरी चूक. गेटची तयारी करू, की आपल्याला झेपणार नाही म्हणून आत्ताच आयटीकडे वळू?"

या कारणासाठी तरी वळू नकोस. तुझं फेजर काढणं ठीक आहे, फक्त बेरीज तू चुकीच्या जागी करतोयस, आणि ही एवढी एकच गोष्ट आहे.

एक गणित घे. 12 ओहमचा रेझिस्टर आणि 10 मिलीहेन्रीचा इंडक्टर सिरीजमध्ये, सोबत दोन व्होल्टेज सोर्सही सिरीजमध्ये, एक 30cos(900t) आणि दुसरा 20cos(1600t). आधी दुसरा सोर्स शॉर्ट कर. ω = 900 ला इंडक्टरचा रिअॅक्टन्स 9 ओहम, म्हणजे Z = 12 + j9 = 15∠36.9°, आणि करंट 2∠−36.9°. आता पहिला शॉर्ट कर आणि सर्किट परत काढ, खरंच परत काढ, कारण इंडक्टर तोच असला तरी ω = 1600 ला त्याचा रिअॅक्टन्स 16 झालाय. Z = 20∠53.1°, करंट 1∠−53.1°. बरीच मुलं पहिलाच Z दुसऱ्यालाही लावतात, तेही बघून घे.

इथपर्यंत तू बरोबर येतोस. मग समोर दोन फेजर दिसतात आणि हात आपोआप बेरजेकडे जातो, 1.6 − j1.2 आणि 0.6 − j0.8 मिळून 2.2 − j2, म्हणजे 2.97∠−42.3°. आता मला सांग, हा 2.97 कुठल्या फ्रिक्वेन्सीचा? 900 चा की 1600 चा? फेजर लिहिताना आपण ωt गाळतो ते सगळ्यांचा ω एकच असतो म्हणून, तो एकच नसेल तर दोन फेजरमधला कोन टिकतच नाही. इथे तो सेकंदाला 700 रेडियनने बदलतोय. t = 0 ला दोन्ही बाण मिळून 2.97 लांबीचे दिसतात, पण साधारण साडेचार मिलिसेकंदांनी ते जवळजवळ उलटे होतात आणि एकूण लांबी 1.08 वर येते. म्हणून आधी प्रत्येक फेजर आपापल्या ω सकट टाइम डोमेनमध्ये आण आणि मगच बेरीज लिही:

i(t) = 2cos(900t − 36.9°) + cos(1600t − 53.1°) अँपिअर

बस, याच्यापुढे एक कोसाइन करायला जाऊ नकोस, ते होत नाही. एखाद्या वेळेची किंमत विचारली तर 900t रेडियनमध्ये असतं आणि 36.9 डिग्रीत, ते आधी एका युनिटमध्ये आण. t = 1 मिलिसेकंदला 0.9 रेडियन म्हणजे 51.6°, 1.6 रेडियन म्हणजे 91.7°, आणि उत्तर येतं साधारण 2.72 अँपिअर. पण t = 0 वर कधी चेक करू नकोस, तिथे चुकीचा फेजरसुद्धा 2.2 च देतो आणि तू फसतोस.

चेक करायचा तर पॉवरवर कर. पहिला सोर्स देतो ½ × 30 × 2 × 0.8 = 24 वॅट, दुसरा ½ × 20 × 1 × 0.6 = 6 वॅट, एकूण 30. रेझिस्टरमध्येही 12 × (4 + 1)/2 = 30 च. आणि तुझा 2.97 घातलास तर 53 वॅट येतात, म्हणजे सोर्सने न दिलेली 23 वॅट पॉवर रेझिस्टर खातोय! फ्रिक्वेन्सी वेगळ्या असल्या की सरासरी पॉवर अशी सरळ बेरजेने येते, कारण क्रॉस टर्मची सरासरी शून्य होते. फ्रिक्वेन्सी एकच असेल तर मात्र उलटं, तिथे फेजर बेरीज करायचे आणि पॉवर शेवटी काढायची, वेगवेगळी काढून मिळवायची नाही.

आता गेटचं. नेटवर्क्स हा भाग ईई, ईसी, इन्स्ट्रुमेंटेशन तिन्ही पेपरांत आहे, तो टाळून तयारी होत नाही. आणि कोअरमध्ये आलास तर हेच काम रोज आहे बाबा. सहा पल्सचा रेक्टिफायर असलेला ड्राइव्ह 50 हर्ट्झच्या सप्लायमधून 250 आणि 350 हर्ट्झचाही करंट ओढतो, पॉवर क्वालिटीवाला माणूस प्रत्येक हार्मोनिकसाठी सर्किट वेगळं सोडवतो आणि आरएमएस काढताना वर्गांची बेरीज करतो, वर तू केलंस तसंच. तर या आठवड्यात इंडक्टरच्या जागी कपॅसिटर घेऊन, मग एक सोर्स डीसी करून, अशी चार-पाच गणितं पॉवर चेकसकट सोडव (डीसीला ω शून्य, इंडक्टर शॉर्ट, कपॅसिटर ओपन, आणि पॉवरमध्ये तो ½ येत नाही). ती सोडवताना मजा आली तर गेटची तयारी सुरू कर. पॉवर जुळत असूनही कंटाळाच आला तर मग आयटीचं बोलू, तेव्हा ते आवडीवरून ठरेल आणि त्याला माझी हरकत नाही.