नवीन क्लच टाकल्यावर एएमटीचे धक्के वाढलेत?

"नवीन क्लच टाकला तरी एएमटी गाडी उठताना धक्का देते, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान पुढे जाते. सर्व्हिसवाले म्हणतात अ‍ॅक्च्युएटरचं पूर्ण किट बदला. काय करू?"

थांबा, पैसे भरू नका अजून. सेम माझ्यासोबत झालंय, फक्त मी भरायला निघालो होतो.

आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, क्लचप्लेटही तीच कोरडी. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. बऱ्याच गाड्यांत छोटा इलेक्ट्रिक पंप तेलाचं प्रेशर साठवून ठेवतो, कॉम्प्युटरने व्हॉल्व्ह उघडला की एक पिस्टन क्लच दाबतो आणि बाकीचे पिस्टन एक गिअर काढून दुसरा टाकतात. तेवढा वेळ इंजिनची ताकद चाकांना मिळतच नाही, म्हणून मान पुढे जाते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये ताकद अशी तुटत नाही, त्यामुळे तिच्याशी तुलना करू नका. गिअर पडायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला की फरक पडतो.

पण उठताना धक्का हा वेगळा विषय. माझी चूक आधी सांगतो. कासच्या सीझनला यवतेश्वर घाटात ट्रॅफिकमध्ये मी ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायचो, म्हणजे क्लच अर्धवट चिकटलेला सतत घासत होता, जळका वास आला तरी मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. प्लेट गेली. साताऱ्यातच एका ठिकाणी नवीन क्लच टाकला आणि धक्के सुरू. चार चकरा मारल्या, दरवेळी "गिअरबॉक्स गेलाय, किट बदला" एवढंच, स्कॅनर लावून काय दिसलं ते कुणी सांगेना. अजून राग येतो.

खरी गोष्ट अशी की प्लेट नेमकी कुठे चिकटायला लागते ती जागा कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, तिथे क्लच हळू सोडायचा असतो. नवीन प्लेट जाड, ती जागा सरकते, पण कॉम्प्युटरकडे जुनीच नोंद, मग जिथे हळू जायचं तिथून तो झपकन जातो. क्लच बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करावं लागतं, तेच त्यांनी केलं नव्हतं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने ते केलं, वीसेक मिनिटांत, आणि गाडी सरळ उठायला लागली.

माझे गिअर सगळे पडत होते, डिस्प्लेवर गिअरचा आकडा ब्लिंक होत नव्हता, तेल गळत नव्हतं, म्हणून मला किटचा संशय पटत नव्हता. तुमचा पंप उभ्या गाडीत सारखा सारखा वाजत असेल किंवा तेलाची लेव्हल उतरत असेल तर मात्र प्रेशर कुठेतरी सुटतंय, तिथे किटचं म्हणणं खरं असू शकतं. मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता छातीठोक सांगणार नाही. पण आधी लर्निंग केलंय का ते विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या.

आणि घाटात थांबलात की हँडब्रेक ओढा, चढावर एम मोडमध्ये दुसरा धरून चला.